दाखल्याचा अनुवाद: नाव जसे आहे तसेच

माझ्या नणंदेच्या लेकीने अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज भरायला घेतला, तेव्हा तिचा जन्मदाखला कामाला लागला. दाखला पूर्ण मराठीत, ग्रामपंचायतीच्या शाई उडालेल्या शिक्क्याचा. कागदपत्रे लावण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडेच येते, तसे हेही आले. तेव्हा जे कळले ते इथे लिहिते, कारण आता घरोघरी कुणी ना कुणी परदेशात आहे.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा नियम सोपा आहे. इंग्रजीत नसलेल्या कागदाबरोबर त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद हवा. अनुवाद पूर्ण व बिनचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे अनुवादकाने लिहून सही करायची. नोटरीचा शिक्का त्या खात्याला लागत नाही. काही देशांना मात्र सरकारने नेमलेल्या, शपथ घेतलेल्या अनुवादकाचीच सही चालते, म्हणून आधी त्या त्या देशाचा नियम पाहावा. घरच्यांपैकी कुणी सही करण्यापेक्षा त्रयस्थ माणूस बरा, म्हणून आम्ही एका अनुवादकाकडे गेलो.

आता खरी अडचण. पहिलटकरीण माहेरी येते, तशी नणंद आमच्याकडे आली होती. बाळ झाल्यावर गावात नोंद केली माझ्या सासऱ्यांनी. त्यांनी लेकीचे नाव आपल्या तोंडातले सांगितले, शकुंतला. लग्नात सासरच्यांनी ठेवलेले नाव होते सुरेखा, आणि पासपोर्टवरही तेच. अनुवादकाने दोन्ही कागद पाहिले आणि चांगल्या मनाने अनुवादात आईचे नाव ‘सुरेखा’ लिहून दिले. आम्ही तो कागद परत केला.

मी कॉमर्सवाली. व्हाउचरवर एक आकडा आणि खतावणीत दुसरा, असे चालत नाही. मूळ कागदावर शकुंतला आहे, तर अनुवादातही शकुंतलाच हवे. तपासणाऱ्या साहेबापुढे मूळ प्रतही असते. मराठी वाचणारा कुणी भेटला आणि नाव वेगळे निघाले, तर ‘बिनचूक’ म्हणून केलेली सही खोटी ठरते आणि साऱ्या फाईलवर संशय येतो.

इथे एक फरक ध्यानात घ्या. स्पेलिंग आणि नाव या दोन गोष्टी आहेत. देवनागरी नावाला मुळात इंग्रजी स्पेलिंग नसते. म्हणून लेकीचे ‘वैशाली’ हे नाव पासपोर्टवर ज्या स्पेलिंगने आहे, त्याच स्पेलिंगने अनुवादात घालता येते. पण शकुंतलाची सुरेखा करणे हे स्पेलिंग नव्हे, ती नवी नोंद झाली. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सांगायला नणंदेचे वेगळे प्रतिज्ञापत्र केले आणि सोबत तिचा माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला.

गावाच्या नावाचेही तसेच. दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद होता. आज तो धाराशिव झाला, तरी अनुवादात उस्मानाबादच राहिला. तारखेला मात्र जपावे लागते. ०३/०४/१९८९ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत वाचतील ४ मार्च. म्हणून महिना अक्षरात लिहून घेतला. जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळ्या होत्या, त्या दोन्ही ठेवल्या. शेऱ्याचा रकाना कोरा होता, तिथे ‘कोरा’ असेच लिहिले. गोल शिक्क्यातली जी अक्षरे लागली ती दिली, उरलेल्या जागी चौकोनी कंसात ‘वाचता येत नाही’ असे आले. अंदाजाने काहीच भरले नाही.

आणि मूळ दाखलाच चुकला असेल तर? तर अनुवादकाकडे जाऊच नका, निबंधकाकडे जा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे चूक सिद्ध झाली की निबंधक दुरुस्ती करतो, तीही जुनी नोंद न खोडता, समासात, सही आणि तारीख घालून. हे वाचून मला फार बरे वाटले. जमाखर्चात आम्हीही असेच शिकलो, की जुना आकडा खरवडायचा नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची. दुरुस्त दाखला हाती आला की मग त्याचा अनुवाद.

अनुवाद हाती पडला की सही करण्याआधीच मूळ कागद शेजारी ठेवा. एकीने मराठी ओळ वाचावी, दुसरीने इंग्रजीवर बोट ठेवावे, शिक्क्यापर्यंत. आम्हा नणंद-भावजयींना पाऊण तास लागला.