दिवेलागणीचं लग्न

हिवाळा सुरू झाला की मांद्र्याच्या किनाऱ्यावर, जुनसवाड्यापासून आश्व्यापर्यंत, योगवर्गांच्या पाट्यांशेजारी पत्रिका वाचून देणाऱ्यांच्या पाट्याही लागतात. या पत्रिका पाश्चात्त्य पद्धतीच्या. 'माझी रास धनु' म्हणजे जन्मवेळी सूर्य धनूत, एवढीच ओळख वर्तमानपत्रांनी जगाला करून दिली. राशिभविष्याची सदरं रुळली ती 1930 साली नेलर नावाच्या ज्योतिषाने लंडनच्या एका साप्ताहिकात राजकन्या मार्गारेटची पत्रिका मांडल्यानंतर. जाणकार वाचक मात्र सूर्य, चंद्र आणि लग्न अशी तीन पारडी धरतो. सूर्य म्हणजे माणसाला काय व्हायचंय, चंद्र म्हणजे त्याला कशाशिवाय करमत नाही, आणि लग्न म्हणजे तो उंबरठ्यावर कसा उभा राहतो. कसब आहे ते तिघांची वर्णनं एकाखाली एक न लिहिता कोणाचं पारडं जड, हे ठरवण्यात.

आमच्या शेजारच्या आबांची पत्रिका घ्या. जन्म मांद्र्यातला, 19 डिसेंबर 1961 चा, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच दिवसाचा. वेळ? आई सांगायची, तुळशीपाशी दिवा लावायला घेतला आणि तू झालास. घड्याळाकडे बघायला त्या संध्याकाळी कोणाला सवड होती!

सूर्य धनूच्या सत्ताविसाव्या अंशाच्या आसपास, चंद्र वृषभेच्या सत्ताविसाव्याच्या. धनूला क्षितिजापलीकडचं हवं, वृषभेला स्वतःच्या कुंपणाआतलं. एक अग्नितत्त्वाची, दुसरी पृथ्वीतत्त्वाची. आपल्याकडे याला सरळ षडाष्टक म्हणतात. आबा तरुणपणी बोटीवर गेले, आणि दर रजा भातलावणीच्या दिवसांत मागून घेत राहिले. किनाऱ्यावर आबांची पत्रिका वाचणाऱ्या बाईंनी हे ऐकल्यावर मान डोलावली. मीही डोलावली असती. पण बोटीवर जाऊन गावाकडे डोळे लावून बसलेली माणसं आमच्या वाड्यावर पुष्कळ आहेत, आणि ती सगळी काही डिसेंबरात जन्मलेली नाहीत.

खरी मेख लग्नात आहे. सूर्य मावळतो त्या क्षणी पूर्वेला त्याच्या बरोबर समोरची रास उगवत असते. सूर्य धनूत, म्हणून लग्न मिथुन. पण सूर्य धनूच्या शेवटाला आलेला, त्यामुळे मिथुनेचेही अडीचेक अंशच उरलेले. एक अंश चढायला साधारण चार मिनिटं. म्हणजे सूर्य बुडाल्यावर दहा-अकरा मिनिटांत मिथुन संपून कर्क लागते, आणि दिवेलागण नेमकी या सांध्यावरच येते.

फरक नुसता एका वर्णनाचा नाही. मिथुन लग्न असेल तर स्वामी बुध. माणूस बोलका, आणि आतली चंद्राची स्थिरता त्या बडबडीमागे झाकलेली. कर्क असेल तर लग्नाचा स्वामी खुद्द चंद्र. तो वृषभेत उच्चीचा, म्हणजे आधीच बळकट. मग साऱ्या पत्रिकेचं वजन चंद्राकडे झुकतं, आणि मावळतीवरचा धनूचा सूर्य जोडीदाराकरवी, परक्या माणसांकरवी बोलतो असं वाचावं लागतं. सूर्य तोच, चंद्र तोच. दहा मिनिटांनी तराजूच बदलला.

बाईंनी काय केलं? आबा बसस्टँडवर कोणाशीही तासभर बोलत उभे राहतात हे विचारून घेतलं आणि मिथुन लग्न पक्कं केलं. मग त्याच लग्नावरून सांगितलं, तुम्ही बोलके आहात. आबा खूश. जन्मवेळ शोधायला आयुष्यातल्या ठळक घटनांच्या तारखा घेण्याची रीत त्यांच्या शास्त्रातही आहे. स्वभावावरून लग्न आणि लग्नावरून स्वभाव ही मात्र शुद्ध पळवाट.

गंमत अशी की आपल्या निरयन गणिताने ही अडचणच उरत नाही. पाश्चात्त्यांची मेष वसंतसंपातापासून मोजतात, आपली ताऱ्यांपासून. 1961 साली दोन्हींत तेवीस अंशांहून थोडं अधिक अंतर होतं. ते वजा केलं की आबांचे सूर्य, चंद्र आणि सूर्यास्ताचं लग्न तिन्ही त्याच राशींत राहतात, फक्त राशीच्या शेवटाऐवजी सुरुवातीला येतात. लग्न मग पुढे दीड तासाहून अधिक मिथुनेतच. तुळशीचा दिवा थोडा उशिरा लागला असता तरी चाललं असतं.

पण गणित कुठलंही असो, पत्रिकेवरून स्वभाव ओळखता येतो का? 1985 साली 'नेचर'मध्ये शॉन कार्लसन यांची याचीच चाचणी छापून आली. ज्योतिषांना एक पत्रिका आणि तीन माणसांची मानसशास्त्रीय स्वभावचित्रं दिली होती. खरं चित्र ओळखायचं. निम्म्या वेळा ओळखू, असा त्यांचा अंदाज होता. ओळखलं तिनात एकदा, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्यासारखं.

तरीही कोणाला वाचून घ्यायचंच असेल तर घ्यावं. आबांची संध्याकाळ त्यात मजेत गेली. फक्त जन्मवेळ मिनिटापर्यंत ठाऊक नसेल तर आधी तसं सांगा, आणि समोरचा तुमचा स्वभाव विचारून लग्न ठरवू लागला तर पैसे देऊ नका.