विचारलं तेवढंच सांगणारा

स्क्रीनर हा कमी बोलणारा गडी आहे. अर्थवाहिन्यांवरच्या पाहुण्यांसारखी त्याला मतं नाहीत, टिप तर तो देतच नाही. अट घाला, तो हजारो कंपन्या क्षणात चाळतो आणि बसल्या तेवढ्यांची नावं पुढे टाकतो. नाशिककडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मण्याची जाडी मिलिमीटरात बघून माल वेगळा काढतात, पण जाडीवरून गोडी कळत नाही. याचंही तसंच आहे.

Screener.in या साइटवर त्याच्याशी असं बोलायचं:

```
Volume 1month average * Current price > 20000000 AND
High price < 2 * Low price AND
Return on capital employed > 15 AND
Debt to equity < 0.5
```

पहिली ओळ तरलतेची: रोज सरासरी किमान 2 कोटींचे सौदे व्हायला हवेत. हा आकडा आपल्या खिशावरून काढायचा. आपली ऑर्डर दिवसाच्या उलाढालीच्या एक टक्क्याहून मोठी नको, असं ठरवलं तर 2 लाखांच्या खरेदीला 2 कोटींची उलाढाल लागते. दिवसाला जेमतेम 5 लाखांचे सौदे होणाऱ्या शेअरमध्ये तेवढेच 2 लाख घेऊन शिरलात, तर भाव तुम्हीच चढवाल. आणि विकायच्या दिवशी लोअर सर्किट लागलं, तर घ्यायला कोणी नसेल.

पण गडी सरासरीला फार लवकर भुलतो. समजा, महिन्यातल्या 20 दिवसांपैकी 19 दिवस एका शेअरमध्ये 20-20 लाखांचेच सौदे झाले आणि एके दिवशी कुण्या मोठ्या भागधारकाने 40 कोटींचा गठ्ठा विकला. बेरीज 43.8 कोटी, सरासरी 2.19 कोटी. शेअर पास! उद्या तिथे पुन्हा 20 लाखांचाच बाजार भरणार, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून त्याच ओळीत `Volume 1year average` घालून एकदा पुन्हा विचारावं. भाव तोच धरला, तर वर्षाच्या हिशेबात तो एक दिवस विरून जातो, सरासरी 36 लाखांच्या आसपास येते आणि नाव गळतं.

दुसरी ओळ चढउताराची. 52 आठवड्यांचा उच्चांक नीचांकाच्या दुपटीहून कमी असावा, एवढंच ती म्हणते. ही मोजणी ओबडधोबड आहे. 600 वरून 310 पर्यंत शांतपणे घसरत आलेला शेअर तिला चालतो आणि 400 वरून 850 पर्यंत तितक्याच शांतपणे चढलेला चालत नाही. घसरणारे वगळायचे तर `Current price > DMA 200` जोडा, म्हणजे भाव 200 दिवसांच्या सरासरीच्या वर असलेलेच उरतील. नव्याने नोंद झालेल्या शेअरबाबत तर गड्याची पुरती फसगत होते. सातपूरच्या एमआयडीसीतली रिषभ इन्स्ट्रुमेंट्स सप्टेंबर 2023 मध्ये बाजारात आली. त्या नोव्हेंबरात तिचा 52 आठवड्यांचा उच्चांक-नीचांक काढला असता, तर तो दोनच महिन्यांचा निघाला असता. वर्ष न भरलेली कंपनी शांत दिसते, कारण तिने अजून फारसं काही पाहिलेलंच नसतं.

उरलेल्या दोन ओळी धंद्याच्या: गुंतलेल्या भांडवलावर 15 टक्क्यांवर परतावा आणि भागधारकांच्या एकूण निधीच्या निम्म्याहून कमी कर्ज. (बँकांना या ओळी लावू नका. लोकांच्या ठेवी हाच त्यांचा कच्चा माल.) इथे पुन्हा रिषभकडेच बघा. तिची पोलंडमध्ये ल्युमेल ही उपकंपनी आहे. एकट्या कंपनीचा ताळेबंद उघडला तर सातपूर दिसतं, एकत्रित उघडला तर पोलंडही. दोन्हींतला परतावा वेगळा, म्हणून आपण कोणता वाचतो आहोत ते आधी बघावं. गंगापूर धरणाजवळच्या सुलाची गोष्ट निराळी. महाराष्ट्र सरकार वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के प्रोत्साहन म्हणून परत करतं. ही रक्कम नफ्यात मोजली जाते, पण हातात उशिरा पडते, आणि तोवर सरकारकडची येणी ताळेबंदात साचत राहतात. परताव्याच्या एका आकड्यातून हे दिसत नाही. त्यासाठी नफ्याशेजारी कामकाजातून आलेली रोकड मांडून बघावी लागते, आणि दोन-तीन वर्षं ती नफ्याच्या मागेच राहिली, तर वार्षिक अहवालातल्या टिपा वाचायला बसावं. मला विचाराल तर स्क्रीनर वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम इथेच अर्धवट सुटतं.

म्हणून त्याने दिलेल्या यादीला खरेदीची यादी समजू नका. त्यातली दहा-पंधरा नावं वॉचलिस्टमध्ये घ्या आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या अटीवर काठावर पास झालं ते लिहून ठेवा. अटी जपून ठेवा, पण रोज चालवू नका. भाव रोज बदलतो, ताळेबंद नाही. तिमाही निकाल 45 दिवसांत आणि वार्षिक निकाल 60 दिवसांत लावण्याचं बंधन कंपन्यांवर आहे. तेव्हा 14 फेब्रुवारी, 30 मे, 14 ऑगस्ट आणि 14 नोव्हेंबर उलटले, की गड्याला पुन्हा कामाला लावा.