नव्वद लाखांचा कागद आणि उधारीची वही

पाटोद्याच्या बाजारपेठेतलं एक जुनं किराणा दुकान एका मोठ्या कंपनीने विकत मागितलं होतं आणि मालकाने नको म्हणून सांगितलं, हे आता गावात बऱ्याच जणांना कळलंय. चर्चा दोन प्रकारची चालू आहे. एक म्हणतात, "म्हातारा येडा झालाय, नव्वद लाख सोडले." दुसरे म्हणतात, "वा, काय तत्त्वाचा माणूस!" मला दोन्ही पटत नाही. हिशोबाची, टॅक्सची कामं करतो म्हणून काकांनी तो कागद मला वाचायला दिला होता. नाव लिहू नको म्हणालेत, म्हणून त्यांचं आणि कंपनीचं दोघांचंही नाव लिहीत नाही. आकडे थोडे गोल केलेत. बाकी जसं झालं तसं सांगतो.

दुकान रस्त्याला अठरा फूट आणि आत साठ फूट. मागे गोडाऊन, वर माडी. आजोबांच्या काळापासूनचं. कंपनीचा देकार एकरकमी नव्वद लाखांचा. काका आज त्या दुकानातून घरखर्चाला महिन्याला साधारण चाळीस हजार काढतात. सकाळी सातला शटर वर, रात्री नऊला खाली. म्हणून पहिला हिशोब कुणीही करील तो असा: नव्वद लाख बँकेत ठेवले, साडेसहा टक्के व्याज धरलं, तर महिन्याला अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास हजार घरबसल्या. मग दुकान कशाला चालवायचं?

पण नव्वद लाख हातात पडत नाहीत. जागा विकली की नफ्यावर टॅक्स आहे. जुन्या वडिलोपार्जित जागेची किंमत १ एप्रिल २००१ रोजी काय होती ते धरायची आणि तिच्यावरची रक्कम म्हणजे नफा. काकांच्या जागेची तेव्हाची किंमत सहा लाखांच्या आसपास निघते. म्हणजे नफा ८४ लाख. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेला दोन पर्याय आहेत: महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा तो लावून वीस टक्के. दोन्ही करून बघितले. साडेबाराचा कमी पडतो. सेस धरून साधारण ११ लाख गेले. राहिले ७९.

आता दुसरी गोष्ट, जी बाजारात कुणी बोलत नाही. वडील गेल्यावर वारसाची नोंद चार जणांची झाली आहे: काका, धाकटा भाऊ आणि दोन बहिणी. दुकान काका चालवतात, पण जागा चौघांची आहे. बहिणींनी आजपर्यंत कधी मागितलं नाही. मी म्हणालो, "काका, हक्कसोडपत्र करून घ्या, बहिणी नाही म्हणायच्या नाहीत." काका म्हणाले, "दुकान चालू हाय तवर त्यांनी सोडलं तर गोष्ट येगळी. त्यांच्या लेखी ते माहेर हाय. पण इकून पैसा आल्यावर मी कोणत्या तोंडानं म्हणू, सह्या करा म्हणून?"

मग ७९ चे चार भाग. एकाच्या वाट्याला पावणेवीस लाख. त्याचं साडेसहा टक्क्यांनी व्याज महिन्याला दहा हजार सातशे. चाळीस हजार देणाऱ्या दुकानाच्या जागी दहा हजार सातशे. बहिणी-भावाने सगळं सोडलं असतं तरी ७९ लाखांचं व्याज बेचाळीस-त्रेचाळीस हजार, म्हणजे जेमतेम बरोबरी. आणि व्याजाचा आकडा तिथेच उभा राहतो, तेलाचा भाव मात्र वर जातो. हे खरं, की व्याजाला चौदा तास उभं राहावं लागत नाही. म्हणून एवढ्यावरच काकांनी नाही म्हटलं असतं असं मला वाटत नाही.

खरी अडचण कागदाच्या सातव्या पानावर होती. त्यात लिहिलं होतं की विकणाऱ्याने स्वतः किंवा घरातल्या कुणाच्या नावाने पाच वर्षं, पाच किलोमीटरच्या आत किराणा धंदा करायचा नाही. काकांनी विचारलं, "आसं लिहून घेता येतं का रे?" एरवी येत नाही. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कुणाला धंदा करू नको असं बांधून घेणारा करार रद्दबातल असतो. पण त्याला एक अपवाद आहे: धंद्याचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, विकली असेल तर वाजवी हद्दीपुरती अशी अट चालते. मग मी पहिलं पान परत काढलं. तिथे "जागा, बांधकाम आणि गुडविल" असे तीन शब्द एका ओळीत होते. गुडविलची वेगळी किंमत कुठेच नव्हती. तो शब्द तिथे फुकट बसवला होता, सातव्या पानावरची अट उभी राहावी म्हणून. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. वकिलाने आपल्या पक्षकाराचं काम नीट केलंय. पण वाचणाऱ्यानेही आपलं काम नीट करावं.

गुडविल म्हणजे या दुकानात काय? ती पाटीवर नाही, ती उधारीच्या वहीत आहे.

आपल्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल तोवर जुन्या देण्यात, दवाखान्यात, लग्नात गेलेली असते. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. त्यांचं मीठ-मिरची, तेल, साखर, साबण या दुकानातून वहीवर जातं. कोयता गुढीपाडव्याच्या मागेपुढे परत आला की हिशोब होतो. काकांच्या वहीत अशी सव्वाशे-एकशेतीस खाती आहेत. मार्च महिन्यात त्यांचे सहा-सात लाख बाहेर असतात.

मी म्हणालो, "वही तर तुमचीच राहणार, कंपनी ती मागत नाही." काका हसले. म्हणाले, "येणं माझं राहील, पण येणार कोण?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या चोपड्यांत कुठेच नाही. उधारी वसूल होते ती कायद्याच्या भीतीने नाही. कायद्याने तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, पण अडीच हजारांसाठी कोर्टात कोण जातं? उधारी वसूल होते ती पुढच्या उधारीमुळे. मागचं मिटवलं तर येत्या दिवाळीला वही परत उघडते, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. दुकानाचं दार बंद झालं की देणाऱ्याला देण्याचं कारण उरत नाही. म्हणजे विकण्याच्या दिवशी वहीतल्या सहा-सात लाखांपैकी किती बुडाले असते, ते त्यांचं त्यांना कळत होतं.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल. कंपनीचं दुकान आलं तर माल स्वस्त मिळेल, यात शंका नाही. काका बीड-जामखेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून माल आणतात. कंपनी थेट कारखान्यातून उचलते. तेलाची पिशवी काकांना ज्या भावात पडते, त्याच्या खाली कंपनी विकू शकते. साखर-तेलात काकांना शेकड्याला दोन-तीन रुपये सुटतात, त्यांची कमाई सुटा मसाला, डाळी आणि किरकोळ मालात आहे. आणि वहीवर घेणारा माणूस रोखीवाल्यापेक्षा किलोमागे रुपया-दोन रुपये जास्तच देतो. काका ते लपवत नाहीत. सहा महिने पैसा अडकतो, त्याची ती किंमत आहे. ज्याच्या हातात दर महिन्याला पगार आहे, त्याला कंपनीचं दुकान फायद्याचं. ज्याचा पैसा वर्षातून एकदा येतो, त्याला स्वस्त तेलाचा उपयोग नाही, कारण त्या दिवशी त्याच्याकडे रोख नसते. मोबाईलवर कर्ज देणारे पगाराची नोंद आणि बँकेतली आवक बघतात. गावाकडे राहिलेल्या म्हातारीच्या नावावर त्यातलं काहीच नसतं.

कंपनीचा माणूस शेवटचा आला तेव्हा मी दुकानात होतो. संभाजीनगरकडचा तरुण पोरगा, बोलायला चांगला. बॅगेत इसाराचा एक लाखाचा चेक तयार होता. मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं: चेकला हात लावू नका, इसार पावतीवर सही करू नका. तशी सही झाली की तो विक्रीचा करार धरला जाऊ शकतो, मग समोरचा कोर्टातून खरेदीखत मागू शकतो.

काकांनी चहा मागवला. म्हणाले, "साहेब, तुमचा भाव वाईट न्हाई. पण तुम्ही जे मागताय, त्यातलं समदं माझं न्हाई. जागा चौघांची, अन् वही सव्वाशे घरांची. जे माझं न्हाई ते कसं इकू?" पोरगा म्हणाला, दर वाढवून आणतो. काका म्हणाले, "दराचा सवाल न्हाई. दुकान टाकायचं तर टाका की. पुढं रोडला मोकळी जागा हाय, मालक इकायच्या बेतात हाय, मीच गाठ घालून देतो. गिऱ्हाईक ठरवील कुठं जायचं ते." पोरगा जरा वेळ गप्प बसला, चहा संपवला, पाया पडून गेला. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं नकाराचं पत्र मी लिहून दिलं, पोच घेऊन पाठवलं.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा अट होती दहा लाखांवरच्या शहरांची. आपल्याला वाटलं, पाटोदा लांब आहे. पण देशी कंपन्यांना ती अट कधीच नव्हती. त्या तालुक्याच्या गावांपर्यंत येणार, आणि ज्यांची जागा रस्त्याला आहे त्यांच्याकडे आधी येणार.

विकायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. कुणाची पोरं पुण्यात असतील, कुणाचे गुडघे गेले असतील, त्याने खुशाल विकावं. फक्त सही करायच्या आधी चार गोष्टी बघा. टॅक्स जाऊन किती राहतात. वारस किती आहेत. कागदात गुडविल हा शब्द कुठे आहे आणि त्याच्यापुढे रक्कम लिहिली आहे का. धंदा न करण्याची अट किती वर्षांची, किती हद्दीची, आणि तिच्यात तुमच्या पोराचं नाव येतं का. करार इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा आणि ती घरी नेऊन वाचा.

ज्यांच्याकडे असा कागद आलाय त्यांनी इनबॉक्समध्ये पाठवा, वाचून सांगतो. पैसे घेणार नाही.