सलाम, आवाज आणि पहिला प्रश्न

कोकणातून जहाजांवर नोकरीला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी मी काही वर्षांपासून रेकॉर्ड करतो आहे. प्रत्येकाच्या गावी जाणं जमत नाही, म्हणून बऱ्याच मुलाखती व्हिडिओ कॉलवर होतात. समोरचा माणूस पूर्ण अनोळखी असतो. अशा कॉलची पहिली पाच मिनिटं चुकली की पुढचा तास वाया जातो, हे मी एका चाचांकडून शिकलो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहणारे हे चाचा इंजिनरूममध्ये काम करून निवृत्त झालेले. नातवाने फोन लावून दिला. मी सलाम केला, "आवाज येतोय ना?" विचारलं, ते "हो" म्हणाले. मी लगेच रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कागद बघून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मठिकाण सांगा."

चाचा गप्प झाले. मग म्हणाले, "हे कशाला हवंय? कागद नातवाकडे आहेत, त्याला विचारा." त्यानंतर अर्धा तास ते "हो", "नाही", "आठवत नाही" एवढंच बोलले.

मुलाखतीची सुरुवात नाव, जन्मसाल आणि गावाने करायची, असं मी शिकलो होतो. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला स्क्रीनवरचा अनोळखी चेहरा जन्मठिकाण विचारतो, तेव्हा त्याला आठवणी सुचत नाहीत, सरकारी चौकशी आठवते. नागरिकत्वाच्या कागदांवरून गेल्या काही वर्षांत घराघरांत जी धास्ती बसली, ती मी हिशोबात धरलीच नव्हती.

रेकॉर्डिंग ऐकलं तर दुसरी चूक सापडली. चाचांचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाला होता. "आवाज येतोय ना?" याला मिळालेल्या "हो"चा अर्थ एवढाच, की माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो. त्यांचा माझ्यापर्यंत कसा येतो, हे मी तपासलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी नातवाच्या मध्यस्थीने पुन्हा कॉल केला. या वेळी खिडकीकडे तोंड करून बसलो, म्हणजे माझा चेहरा त्यांना स्पष्ट दिसेल. "अस्सलामु अलैकुम, चाचा," म्हटलं आणि थांबलो. कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो. घाई केली की दोघंही एकदम बोलतात आणि एकदमच गप्प होतात. सलामला उत्तर द्यावंच लागतं, त्यामुळे "वालैकुम अस्सलाम" ऐकू आलं की दोन्ही बाजूंची वाट मोकळी आहे हे कळतं. समोरचा मुस्लिम नसेल तर मी "नमस्कार" म्हणून तसाच थांबतो. मग मी माझं गाव सांगितलं, कुणाचा मुलगा ते सांगितलं. माझी ओळख आधी दिली.

नंतर विचारलं, "आज न्याहारीला काय खाल्लंत?" चाचा म्हणाले, "तांदळाची भाकरी आणि सुकट." ते सुकट कशी भाजायची हे सांगत होते तेवढ्यात मला हवं ते ऐकून झालं. पंखा तसाच घरघरत होता आणि मी बोललो की माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. असा प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, समोरच्या खोलीत असतो. नातू त्याच खोलीत आपल्या फोनवरूनही कॉलमध्ये आला होता. तो बाहेर पडला, पंखा बंद झाला, फोन डब्याला टेकवून चाचांपासून हातभर अंतरावर आला. आवाज स्वच्छ झाला.

मग रेकॉर्डिंगची परवानगी विचारली. नको वाटेल तिथे थांबवू, आणि नको असलेला भाग काढून टाकू, हेही सांगितलं. ते "चालेल" म्हणाल्यावरच बटण दाबलं, आणि रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा एकदा विचारून ठेवलं.

शेवटी म्हटलं, "चाचा, पहिल्यांदा जहाजावर गेलात तो दिवस, घरातून निघाल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

आणि खरंच बोललो नाही. समोरासमोर आपण "हं, हं" करतो; कॉलवर तो हुंकार बोलणाऱ्याचा शब्द कापतो. म्हणून नुसती मान हलवत राहिलो. बराच वेळ काहीच आलं नाही. विचारायचा मोह झाला, तो आवरला.

मग चाचा म्हणाले, "आईने दारात पाणी दिलं होतं. मी ते प्यालो नाही, घाईत होतो." आणि ते तासभर बोलले. बोलता बोलता आपलं पूर्ण नाव आणि जन्मसाल त्यांनी आपणहून सांगितलं.