बिलाच्या मेलचा विषय कसा लिहावा

आपल्यातल्या बऱ्याच घरांत एखादा छोटा धंदा असतो. कुणाचं वर्कशॉप, कुणाची प्रिंटिंग प्रेस, कुणाचं कॅटरिंग. बिलं आता मेलनेच जातात आणि ती पाठवायचं काम बहुतेक वेळा घरातल्या तरुण माणसाकडे येतं. मेल लिहिताना जोडलेली पीडीएफ दोनदा तपासली जाते, पण वरच्या विषयाच्या ओळीत मात्र 'Invoice' किंवा 'Bill attached' एवढंच लिहून मेल सुटतो. या ओळीमुळे पैसे कसे अडकतात हे मला आमच्याच घरातल्या एका बिलावरून नीट समजलं.

माझ्या काकांचं बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. हिशोब आणि बिलं काकू बघते. गेल्या वर्षी जूनमध्ये एका मोठ्या कंपनीला आठवड्याभरात तीन खेपांत ब्रॅकेट्स गेले आणि ९, ११ व १३ जून अशी तीन बिलं झाली. काकूने तिन्ही त्या त्या दिवशी मेलने पाठवली. तिन्हींचा विषय एकच, 'Invoice'. जुलैत पहिल्या आणि तिसऱ्या बिलाचे पैसे आले. मधल्याचे आले नाहीत. ते बिल १,५६,००० रुपयांचं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २८,०८०, असे एकूण १,८४,०८० रुपये.

काकूने जुलैच्या शेवटी फोन केला तेव्हा अकाउंट्समधला मुलगा म्हणाला, "बेन, मेल तो आव्योज नथी." काकू म्हणाली, अकरा तारखेला पाठवलाय. त्याने बिलाचा नंबर टाकून शोधलं, काही मिळालं नाही. इथे दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. मेल पोचला होता, आणि त्याला तो दिसत नव्हता.

त्याचं कारण असं. जीमेल एकाच पत्त्यावरून आलेले, एकाच विषयाचे मेल एका आठवड्याच्या आत आले तर ते एकाच संभाषणात गुंडाळतं. यादीत एकच ओळ दिसते आणि शेजारी बारीकसा ३ चा आकडा. उघडलं की शेवटचा मेल उलगडलेला असतो आणि आधी वाचलेले मेल मिटलेले असतात. त्या मुलाने पहिलं बिल नोंदवलं होतं. दुसरं आलं त्या दिवशी बहुधा मोबाइलवर नुसतं उघडून ठेवलं असावं. तिसरं आलं तेव्हा ते वर उलगडलं आणि मधलं दोघांमध्ये दडून राहिलं. शोधूनही न सापडण्याचं कारण वेगळं होतं. बिलाचा नंबर विषयात नव्हता, मजकुरातही नव्हता, तो फक्त स्कॅन केलेल्या कागदाच्या चित्रात होता. आणि फाईलचं नाव होतं Scan0012.pdf.

उशिराची झळ कुठे बसते तेही सांगतो. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याला जूनच्या बिलांवरचा जीएसटी २० जुलैपर्यंत भरावा लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. त्यामुळे या बिलावरच्या २८,०८० रुपयांचा हिशोब काकांनी आधीच चुकता केला होता. न आलेल्या पैशांवरचा कर खिशातून गेला होता.

म्हणून त्या रविवारी काकू आणि मी बसून विषयाची एक ओळ ठरवली. ती अशी:

```
Invoice MF/25-26/0118 | PO 4500071236 | Rs 184080 | Due 26-Jul-2025
```

यातला प्रत्येक तुकडा तिकडचा माणूस कशाने शोधेल हे बघून ठेवलाय. सगळ्यात आधी बिलाचा नंबर. मोबाइलवर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, म्हणून जे सगळ्यांत वेगळं आहे ते पुढे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात बिलाचा नंबर एकदाच येऊ शकतो. म्हणजे शोधायला याच्यापेक्षा नेमकी खूण दुसरी नाही. आणि प्रत्येक मेलचा विषय आपोआप वेगळा झाल्यामुळे तीन बिलं एका ओळीत गुंडाळली जाण्याचा प्रश्नच मिटतो.

दुसरा तुकडा पीओचा, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या ऑर्डरचा नंबर. आपल्याला आपला नंबर महत्त्वाचा वाटतो, पण कंपनीत बिल नोंदवणारा माणूस आधी पीओ उघडतो आणि मग त्यावर बिल चढवतो. खरेदी विभागातल्या माणसाला तर आपला बिल नंबर ठाऊकच नसतो. त्याच्याकडे बिल फिरत गेलं तर तो पीओनेच शोधणार.

तिसरा तुकडा रक्कम, करासकट, स्वल्पविराम न देता. 1,84,080 असं लिहिलं की कुणी 184,080 शोधतो, कुणी 184080. खातेवहीच्या पडद्यावरून आकडा उचलणाऱ्याला तो बहुतेक वेळा सलगच मिळतो, म्हणून आम्हीही सलगच ठेवला. याच कारणाने आकडे इंग्रजीच ठेवायचे. देवनागरी १८४०८० लिहिलं तर समोरच्याच्या शोधात ते सापडेलच असं नाही, कारण तो 184080 टाइप करणार.

चौथा तुकडा देय तारीख. काकांचं युनिट सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यममध्ये नोंदलेलं आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे अशा पुरवठादाराशी लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ११ जूनला माल स्वीकारला, त्यात ४५ दिवस मिळवले की २६ जुलै. तारखेत महिना अक्षरांत लिहायचा. 07-06 ही सात जून की सहा जुलै, हा घोळ मग होत नाही.

काकूने विचारलं, "अरे, मग 'Urgent' कुठे लिहायचं?" कुठेच नाही. फसवणुकीचे मेल नेमके याच थाटात येतात: 'Invoice attached', 'Urgent payment' आणि खाली एक फाईल. अकाउंट्सच्या लोकांना अशा मेलपासून जपून राहायला सांगितलेलं असतं. ज्या मेलवर त्यांच्याच पीओचा खरा नंबर आहे तो उघडायला त्यांचा हात अडखळत नाही.

नंबर लिहिताना एक बारकावा आहे. मेलचा शोध साधारणपणे अख्खे शब्द जुळवतो, शब्दाच्या पोटातला तुकडा नाही. नंबर MF25260118 असा सलग लिहिला आणि तिकडच्या माणसाने नुसतं 0118 टाकलं, तर जीमेलला तो सापडत नाही. मधे तिरकी रेघ किंवा आडवी रेघ असली की 0118 हा वेगळा शब्द धरला जातो. मात्र 118 टाकून 0118 मिळत नाही, म्हणून पुढचं शून्य बिलावर आहे तसंच ठेवायचं. थोडक्यात, बिलावर छापलेला नंबर अक्षर न बदलता विषयात यायला हवा.

फाईलच्या नावातही तोच नंबर ठेवायचा, आणि इथे तिरकी रेघ आडवी येते. विंडोजमध्ये फाईलच्या नावात '/' चालत नाही. जीएसटीच्या नियमात बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असू शकतो आणि त्यात तिरकी व आडवी अशा दोन्ही रेघा चालतात. तेव्हा आम्ही ठरवलं की नवीन आर्थिक वर्षापासून मालिका MF-26-27-0001 अशी सुरू करायची. ही १३ अक्षरं होतात. मग बिलावर, विषयात आणि फाईलच्या नावात एकच खूण राहते. वर्ष मध्येच बदललं असतं तर चालू मालिका तुटली असती, म्हणून एप्रिलपर्यंत थांबलो.

रोज हे सगळं हाताने टाइप करायला नको म्हणून काकूच्या बिलांच्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढवला. A मध्ये बिल नंबर, B मध्ये पीओ, C मध्ये रक्कम, D मध्ये देय तारीख:

```
="Invoice "&A2&" | PO "&B2&" | Rs "&C2&" | Due "&TEXT(D2,"dd-mmm-yyyy")
```

तयार ओळ कॉपी करून विषयात चिकटवायची. नियम एकच: एका मेलमध्ये एकच बिल. दोन बिलं एका मेलमध्ये घातली की विषय पुन्हा मोघम होतो आणि एक नोंदवलं की दुसरंही झालं असं वाटतं.

आठवणीच्या मेलसाठी मात्र नवीन विषय करायचा नाही. पाठवलेल्या मेलमधला मूळ मेल उघडायचा, त्यालाच उत्तर द्यायचं आणि विषयाला हात लावायचा नाही. जीमेलमध्ये विषय बदलला की वेगळं संभाषण सुरू होतं आणि पहिल्यांदा कधी पाठवलं होतं तो पुरावा मागे राहतो. 'देय तारीख उलटून १२ दिवस झाले' हे मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहायचं. आणखी एक, उत्तर देताना मूळ फाईल सोबत जात नाही, ती पुन्हा जोडावी लागते. नाहीतर तिकडून उलट मेल येतो, "बिल पाठवा."

यानेही काही गोष्टी सुटत नाहीत. माल नाकारला असेल, पीओवरचा भाव आणि बिलातला भाव जुळत नसेल, किंवा कंपनी बिलं फक्त आपल्या पोर्टलवर घेत असेल, तर कितीही नेमका विषय लिहून पैसे येणार नाहीत. मेल भलत्याच माणसाच्या पत्त्यावर गेला तरीही नाही. बिल कुठे पाठवायचं तो पत्ता पुष्कळदा पीओवरच छापलेला असतो, तोच घ्यायचा.

पण बिल अडलंय की हरवलंय हे आता एका फोनवर कळतं. ऑगस्टमध्ये अडकलेले पैसे आले. त्यानंतर एकदा असंच एक बिल लांबलं तेव्हा काकूने फोनवर फक्त शेवटचे चार आकडे सांगितले. तिकडच्या मुलाने तिथेच शोधलं आणि म्हणाला, मेल आहे, पण स्टोअरची मालपावती यायचीय. काकूने फोन ठेवला आणि लगेच स्टोअरचा नंबर लावला.