यादीबाहेरचा माणूस

जालन्याच्या जुन्या भागातल्या एका वाचनालयातून अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' घरी आणलं, तेव्हा कुणा आगाऊ वाचकानं समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'राल्फच खुनी!' राल्फ म्हणजे मयताचा सावत्र मुलगा. कर्जात बुडालेला आणि खुनाच्या रात्रीपासून बेपत्ता. असा माणूस समोर असताना दुसरा कोण सुचणार? पेन्सिलवाला फसला, यात त्याचा दोष नाही.

रहस्यकथेच्या लेखकावर एक अट असते. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सनं तिला नियमाचं रूप दिलं: गुन्हेगार कथेच्या सुरुवातीलाच येऊन गेलेला हवा. शेवटच्या पानावर बाहेरगावचा चोर आणून उभा केला तर वाचक पुस्तक भिरकावेल. म्हणजे खुनी आपल्या डोळ्यांसमोर हवा, पण ओळखू येता कामा नये. मग जागा उरते ती एकच: ज्याच्यावर शंका घ्यायची आपल्याला सवयच नाही, त्याची. डॉक्टर, वडीलधारा, घरचा माणूस.

'ज्युएल थीफ'मध्ये (१९६७) विजय आनंदनं हेच केलं. चोर आहे अशोककुमार! नायिका शालिनीचा भाऊ म्हणून तो समोर येतो, आणि दादामुनींचा चेहरा पाहून थिएटरातली शंका आपोआप देव आनंदकडे वळते.

अॅक्रॉइडमध्ये तर गोष्ट सांगणारे डॉक्टर शेपर्डच खुनी. (पुस्तक १९२६चं आहे, रहस्य फोडल्याचं पाप आता लागू नये.) ते एका बाईला पैशांसाठी छळत होते, आणि त्यांचं नाव सांगणारं तिचं पत्र अॅक्रॉइडच्या हाती पडलं. पत्र आलं पावणेनऊला पाच मिनिटं कमी असताना, डॉक्टर खोलीतून निघाले नऊला दहा कमी असताना. मधल्या दहा मिनिटांत काय घडलं, ते डॉक्टर सांगतच नाहीत. वाचकाला मात्र एक अक्षरही खोटं सांगत नाहीत. पुढे साडेनऊला खोलीतून अॅक्रॉइडचा आवाज ऐकू येतो. तो असतो डिक्टाफोनचा, पण ऐकणाऱ्यांना वाटतं माणूस जिवंत आहे. डॉक्टर तेव्हा घरी, म्हणून संशयातून सुटले.

आपल्याकडचा हवालदार पहिल्यांदा विचारतो, "शेवटचं कुणी पाहिलं?" त्या आवाजानं याच प्रश्नाचं उत्तर चुकवलं.

या युक्तीला मर्यादाही आहे. वाचक एकदा सरावला की पहिल्या प्रकरणातल्या सभ्य माणसावरच बोट ठेवतो. कारणाशिवाय, केवळ धक्का द्यायला निवडलेला खुनी मला तरी लबाडी वाटते. मागं वळून पाहिल्यावर पुरावा सापडला पाहिजे.

तेव्हा खुनी कळला म्हणून हे पुस्तक सोडू नका. चौथं प्रकरण सावकाश वाचा आणि ती दहा मिनिटं शोधा.