कोव्हेरिअन्स शून्य आला, पण…

भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटीचे काम करता करता केस पांढरे झाले, त्यामुळे घरात आकडेमोडीचा प्रश्न निघाला की तो माझ्याकडेच येतो. माझा भाचा मोशीला राहतो. चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी आहे आणि नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगही करतो. परवा सेकंड शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत त्याने क्लासमधल्या फळ्याचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते, “मामा, कोव्हेरिअन्स काढायचाय आणि दोन्ही इंडिपेंडंट आहेत का ते सांगायचंय. बघ ना.”

गणित आमच्याच धंद्यातले होते. X म्हणजे भोकाचा व्यास ठरलेल्या मापापासून १० मायक्रॉनच्या किती पट सरकला. १० मायक्रॉन कमी, बरोबर किंवा १० मायक्रॉन जास्त. Y म्हणजे नग पास झाला तर ० आणि रिजेक्ट झाला तर १. पण ट्यूबलाइटची चमक नेमकी उजव्या कोपऱ्यावर आली होती आणि शेवटचे घर पांढरे फटक पडले होते. वरच्या ओळीत तर १, ०, १ असेच दिसत होते.

आधी ती वरची ओळ. एकाच चलाची एकच किंमत टेबलात दोन स्तंभांवर येत नाही. म्हणजे पहिला आकडा −१ असणार, वजाचे चिन्ह खडूत फिकट झालेले. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ती बारीक रेघ सापडली.

मग पुसलेले घर. भाच्याने सुचवले, “ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज करून भरू का?” मी म्हटले, “अरे, तसं भरलंस तर दोन्ही स्वतंत्र आहेत हे आधीच धरून चाललास. जे तपासायचंय तेच गृहीत धरून कसं चालेल?” सगळ्या घरांची बेरीज १ होते, एवढाच आधार घ्यायचा. दिसणाऱ्या पाच घरांची बेरीज ०.८५ होती, म्हणून उरलेले ०.१५. अशी दोन घरे गेली असती, तर काठावरच्या बेरजा मागवाव्याच लागल्या असत्या.

| | X = −१ | X = ० | X = १ |
|---|---|---|---|
| Y = ० | ०.०५ | ०.५० | ०.०५ |
| Y = १ | ०.१५ | ०.१० | ०.१५ |

(इतके रिजेक्शन खऱ्या लाइनवर निघाले तर सुपरवायझर लाइनच बंद करेल. आकडे शिकवण्यापुरते आहेत.)

आता काठावरच्या बेरजा. स्तंभांच्या ०.२०, ०.६०, ०.२० आणि ओळींच्या ०.६०, ०.४०. X ची सरासरी −०.२० + ०.२० म्हणजे ०. Y ची ०.४०. E[XY] साठी प्रत्येक घरात X, Y आणि संभाव्यता यांचा गुणाकार करायचा. वरची ओळ Y = ० मुळे बाद होते, मधला स्तंभ X = ० मुळे. उरतात दोनच घरे: −०.१५ आणि +०.१५. बेरीज शून्य.

Cov(X, Y) = E[XY] − E[X]·E[Y] = ० − ० × ०.४० = ०

भाच्याचा लगेच मेसेज, “शून्य! म्हणजे इंडिपेंडंट.” इथेच मार्क जातात. मी त्याला मधले खालचे घर पाहायला सांगितले. स्वतंत्र असते तर तिथे ०.६० × ०.४० = ०.२४ हवे होते. आहे ०.१०. एक घर चुकले की पुरे, स्वतंत्रता संपली. उलट ‘स्वतंत्र आहे’ म्हणायचे असेल तर मात्र सगळी घरे जुळावी लागतात.

त्याला पटेना, म्हणून मशीनवरची भाषा वापरली. भोक लहान झाले तरी नग रिजेक्ट, मोठे झाले तरी रिजेक्ट. माप बरोबर असताना रिजेक्टचे प्रमाण ०.१० भागिले ०.६०, म्हणजे सहात एक. माप कुठल्याही बाजूला सरकले की चारात तीन. संबंध तर उघड आहे. पण कोव्हेरिअन्स फक्त एवढेच पाहतो, की X वाढताना Y सरळ रेषेत वाढतो का किंवा घटतो का. इथे डावीकडची घट उजवीकडची वाढ तंतोतंत खाऊन टाकते. गेजच्या रिपोर्टवर एवढा एकच आकडा पाहून कुणी ‘मापाचा रिजेक्शनशी संबंध नाही’ असा शेरा मारला, तर तो रिपोर्ट मी सही न करता परत पाठवेन.

आणखी एक सांगून ठेवले. फळ्यावरच्या या संभाव्यता दिलेल्या असतात, म्हणून गुणाकार काटेकोर ताडायचा. शॉपमध्ये नग मोजून केलेल्या टेबलात दोन गोष्टी खरोखर स्वतंत्र असल्या तरी घरे थोडी इकडेतिकडे होणारच. तिथे काय-स्क्वेअर चाचणी लावावी लागते.

कोव्हेरिअन्स शून्य नसेल तर ‘स्वतंत्र नाहीत’ असे बेधडक लिहावे. शून्य असेल तर घरे तपासावीत. एका ठिकाणी मात्र त्यातून सुटका आहे: X आणि Y दोघांनाही फक्त दोनदोनच किमती असतील, तर शून्य कोव्हेरिअन्स म्हणजे स्वतंत्रताच.